मॅनेजरांचा एक थर काढताना कोणाला, कधी आणि काय सांगायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साध्या नोकरकपातीपेक्षा हे वेगळं का?

कुठलाही मोठा बदल कंपनीत एका ठरलेल्या वाटेने खाली जातो. वरचे लोक मॅनेजरांना सांगतात आणि मॅनेजर आपापल्या टीमला सांगतात. थर काढताना ही वाटच मोडते, कारण ज्यांनी निरोप न्यायचा त्यांचंच पद जाणार असतं. हे लक्षात न घेता नेहमीची पद्धत वापरली, तर ज्याला सकाळी दहाला आपलं पद संपल्याचं कळलं, त्यालाच अकराला टीमसमोर उभं राहून बदलाचे फायदे सांगावे लागतात. त्याच्या चेहऱ्यावरून टीम जे समजायचं ते समजते. म्हणून या कामात पहिला निर्णय मजकुराचा नसतो. मधला थर वगळून निरोप कोण नेणार, हे आधी ठरवावं लागतं.

या पानावर कोणतं उदाहरण घेतलं आहे?

समजण्यासाठी एक काल्पनिक विभाग घेऊ. वर एक विभागप्रमुख, त्यांच्या हाताखाली ३ सीनियर मॅनेजर, प्रत्येकाकडे ४ म्हणजे एकूण १२ मॅनेजर, आणि प्रत्येक मॅनेजरकडे ६ याप्रमाणे ७२ कर्मचारी. १२ जणांचा थर काढायचा ठरलं आहे. त्यांपैकी ३ जण सीनियर मॅनेजरांच्या बरोबरीने टीमप्रमुख होतील, ५ जणांना टीम नसलेली तज्ज्ञाची जागा मिळेल आणि ४ जणांची नोकरी संपेल. नव्या रचनेत ६ टीमप्रमुख आणि ७७ लोक. म्हणजे पाच टीम १३ जणांच्या आणि एक १२ जणांची.

जाहीर करण्याआधी नेमकं काय ठरलेलं असायला हवं?

नावं, तारखा आणि पैशांचे आकडे तर हवेतच, पण सगळ्यात जास्त राहून जाते ती कामांची यादी. मॅनेजर दिवसभर काय करतो हे वरून नीट दिसत नाही. रजा मंजूर करणं, खर्चाच्या बिलावर सही, नव्या माणसाला काम शिकवणं, दोघांचं भांडण मिटवणं, दुसऱ्या विभागाशी तारखांवरून बोलणी, अप्रेझलच्या नोंदी, आजारी माणसाच्या जागी कोण हे सकाळी सकाळी ठरवणं. थर गेला तरी यातलं एकही काम जात नाही.

गूगलमध्ये २००२ साली इंजिनिअरिंगचे मॅनेजर काढून सपाट रचना करून पाहिली होती. खर्चाची बिलं आणि आपापसातले वाद घेऊन लोक थेट लॅरी पेज यांच्याकडे जाऊ लागले. काही महिन्यांतच तो प्रयोग गुंडाळावा लागला.

म्हणून प्रत्येक कामासमोर तीनपैकी एक गोष्ट लिहा: हे काम अमुक माणूस करेल, हे काम कर्मचारी स्वतः करतील, किंवा हे काम बंद. 'बघू नंतर' असा शेरा तीन-चारपेक्षा जास्त कामांसमोर येत असेल तर तारीख पुढे ढकला. कारण घोषणेच्या दिवशी ७२ लोक जे प्रश्न विचारणार, ते बहुतेक याच यादीतले असतात.

त्या दिवसाचा क्रम कसा असावा?

सगळं एका दिवसात, शक्यतो दुपारच्या जेवणाआधी सर्वांना मुख्य गोष्ट कळलेली असेल असं. आपल्या उदाहरणात ते असं बसतं.

सकाळी ९ ला १२ मॅनेजरांना एकाच वेळी भेटीचं बोलावणं जातं आणि त्याच मिनिटाला सगळ्या विभागाला साडेबाराच्या सभेचं बोलावणं जातं. आदल्या संध्याकाळी बोलावणं पाठवू नका. एकाच विषयाची बारा आमंत्रणं कॅलेंडरवर दिसली की रात्रभर लोक एकमेकांना फोन करत बसतात.

साडेनऊ ते साडेअकरा या वेळात तिघे सीनियर मॅनेजर आपापल्या चौघांना एकेकटं भेटतात. एका भेटीला २० मिनिटं आणि दोन भेटींमध्ये १० मिनिटांची मोकळीक, म्हणजे चार भेटी दोन तासांत होतात. प्रत्येकासोबत एचआरचा एक माणूस, म्हणजे एचआरचे तिघे हवेत. ज्यांची नोकरी संपते आहे त्या चौघांच्या भेटी सर्वांत आधी ठेवा. पहिल्या वेळेत तिघे होतात, चौथा लगेच दुसऱ्या वेळेत. उलट क्रम लावला, तर आपली जागा टिकली म्हणून खूश झालेला माणूस बाहेर येतो आणि शेवटच्या चौघांना बातमी चहाच्या टेबलावर कळते.

बाराला विभागप्रमुख सहा टीमप्रमुखांना भेटतात. त्यातले तिघे आज सकाळीच नव्या जबाबदारीबद्दल ऐकून आलेले असतात, त्यामुळे त्यांच्याकडून भाषणाची अपेक्षा ठेवू नका. साडेबाराला विभागप्रमुख स्वतः सर्वांशी अर्धा तास बोलतात. त्या सभेला यायचं की नाही हे बारा जणांच्या मर्जीवर सोडावं. दोन वाजता प्रत्येक टीमप्रमुख आपल्या १२-१३ जणांना भेटतो.

रजेवर असलेल्याला किंवा दुसऱ्या पाळीतल्याला त्याच सकाळी फोन करा. ईमेलने किंवा मेसेजवर कळवू नका. फोन लागलाच नाही, तरी त्याचं नाव सभेत घेऊ नका.

ज्यांची नोकरी संपते आहे त्यांना पहिल्या मिनिटात काय सांगायचं?

निर्णय. पहिल्या तीन-चार वाक्यांत. हवापाण्याच्या गप्पा किंवा कंपनीच्या प्रवासाची उजळणी करत पाच मिनिटं घालवली, तर समोरच्याला ती पाच मिनिटं फसवणुकीसारखी आठवत राहतात. बोलण्याचा नमुना असा:

«मला तुम्हाला एक वाईट बातमी द्यायची आहे. विभागातला मॅनेजरांचा थर आपण काढतो आहोत आणि त्यात तुमचं पद संपतं आहे. नव्या रचनेत तुमच्यासाठी जागा नाही. हा निर्णय झालेला आहे, आजच्या बोलण्याने तो बदलणार नाही. तुमचा शेवटचा दिवस, मिळणारी रक्कम आणि पुढची व्यवस्था या पत्रात लिहिली आहे. आत्ता वाचायचं असेल तर मी थांबतो, नाहीतर उद्या सकाळी पुन्हा भेटू.»

यानंतर गप्प बसा. गप्प बसणं सगळ्यात अवघड जातं, आणि ती शांतता भरायला सीनियर मॅनेजर जे बोलतो त्यातूनच नंतरचे घोळ होतात. «बघू, काही करता आलं तर» हे एक वाक्य माणसाला दोन आठवडे खोट्या आशेवर ठेवतं. «मलाही रात्रभर झोप लागली नाही» हे खरं असलं तरी बोलू नका, कारण मग नोकरी गेलेल्या माणसालाच तुमची समजूत काढावी लागते.

पत्रात शेवटची तारीख, नोटिशीचा काळ, भरपाईची रक्कम आणि ती कशी काढली, शिल्लक रजेचे पैसे, विमा किंवा इतर सोयी कधीपर्यंत, अनुभवपत्र कोण देणार, आणि प्रश्न असतील तर एका माणसाचं नाव व थेट नंबर, एवढं असावं. रक्कम ढोबळ लिहू नका. घरी गेल्यावर पहिला प्रश्न «किती मिळणार?» हाच असतो.

«माझ्या कामात काही कमी होतं का?» असं विचारलं तर?

बारापैकी आठ जण राहत असतील, तर हा प्रश्न येणारच. इथे लोक सवयीने म्हणतात, «हे व्यक्तीबद्दल नाही, पदाबद्दल आहे.» पूर्ण थर काढून कोणालाच ठेवलं नसतं तर ते खरं ठरलं असतं. पण कोणी राहिलं आणि कोणी गेलं, म्हणजे निवड झाली, आणि निवडीला निकष होते. ते सांगा.

«थर काढायचा हा निर्णय पदांबद्दल होता. पण आठ जागांवर कोणाला घ्यायचं हे निवडून ठरवलं. त्यात तीन गोष्टी पाहिल्या: त्या कामातला अनुभव, मोठी टीम सांभाळलेली आहे का, आणि गेल्या दोन अप्रेझलचे शेरे. तुमचे शेरे चांगले होते. मोठ्या टीमचा अनुभव कमी होता.» हे ऐकायला कडू आहे, पण माणूस त्याच्याशी वाद घालू शकतो, चुकीची नोंद असेल तर दाखवू शकतो आणि पुढच्या मुलाखतीत त्याचा उपयोग करू शकतो. निकष सांगायला लाज वाटत असेल, तर निकषच पुन्हा तपासून पाहा, आणि तेही घोषणेच्या आधी.

टीम काढून घेऊन ज्यांना तज्ज्ञाची जागा देतो, त्यांना हे पदावनती वाटणार नाही का?

वाटणार. तिला बढती म्हणून विकायला गेलात, तर ते पाचही जण त्या दिवसापासून तुमच्या प्रत्येक शब्दाकडे संशयाने पाहतील. काय राहतं आणि काय जातं, हे शेजारी शेजारी ठेवून सांगावं:

«तुमचा पगार आणि ग्रेड तसाच राहतो. टीम राहत नाही. पदनाव बदलतं. अप्रेझल आता टीमच्या निकालावर होणार नाही, तुमच्या स्वतःच्या कामावर होईल. या वाटेने पुढे वरची ग्रेड आहे, पण पुन्हा टीमप्रमुखाची जागा कधी निघेल याचं आश्वासन मी देऊ शकत नाही.»

पगार ठरावीक काळापुरताच राखलेला असेल, तर ती मुदत याच भेटीत सांगा. बारा महिन्यांनी पत्रातली बारीक अक्षरं निघाली, तर त्या माणसाचा विश्वास कायमचा गेला समजा. आणि विचार करायला वेळ द्या, निदान पाच कामाचे दिवस. जागा नको म्हटलं तर काय मिळेल हेही लिहून द्या. एकच पर्याय ठेवून «निवड तुमची आहे» म्हणू नका.

आणखी एक अडचण चौथ्या-पाचव्या दिवसापासून दिसते. जुनी टीम सवयीने याच माणसाकडे येत राहते: रजेसाठी, अडलेल्या कामासाठी, तक्रारीसाठी. तोही मदत करतो. महिन्याभरात तो पदाशिवायचा मॅनेजर होतो आणि त्याचं स्वतःचं काम मागे पडतं. म्हणून पहिल्याच भेटीत त्याला एक वाक्य हातात द्या: «हे आता अमुककडे जातं, मी तुला त्यांच्याशी जोडून देतो.» टीमलाही दुपारच्या बैठकीत हेच सांगितलेलं असावं, म्हणजे त्याने झिडकारलं असं कोणाला वाटत नाही.

७२ कर्मचाऱ्यांना काय सांगायचं? त्यांची नोकरी तर जात नाही.

नोकरी जात नाही, पण ज्याला त्यांची वर्षभराची मेहनत माहीत होती तो माणूस जातो. त्यांच्या मनातले प्रश्न अगदी रोजचे असतात. पुढच्या महिन्यातली मंजूर रजा टिकेल का? अप्रेझल कोण करणार? इन्क्रीमेंटचं जे बोलणं झालं होतं त्याचं काय?

या शेवटच्या प्रश्नाला आधीच उत्तर तयार ठेवावं लागतं. बारा मॅनेजरांनी आपापल्या लोकांना दिलेले शब्द कुठेच लिहिलेले नसतात. म्हणून घोषणेनंतरच्या दहा दिवसांत प्रत्येक कर्मचाऱ्यामागे अर्धं पान लिहून घ्या: सध्याचं काम, मंजूर किंवा बोललेली रजा, दिलेले शब्द, वर्षभरातली चांगली कामं, सध्याची अडचण. हे पान कर्मचाऱ्याला दाखवून दुरुस्त करून घ्या आणि मगच नव्या टीमप्रमुखाकडे द्या. ज्याचं पद गेलं त्याच्याकडून हे काम मागताना त्याचे दिवस पगारी आणि मोकळे हवेत. त्याने नकार दिला तर तो समजून घ्या आणि थेट कर्मचाऱ्यांना विचारा.

काय कमी होणार आहे, तेही मोकळेपणाने सांगा. पूर्वी सहा जणांना आठवड्यातून अर्धा अर्धा तास भेटायला मॅनेजरचे तीन तास जात. तेराजणांना तसंच भेटायचं तर साडेसहा तास लागतील. टीमप्रमुखाकडे इतरही काम आहे, म्हणून भेट पंधरा दिवसांतून एकदा होईल, म्हणजे आठवड्याला सव्वातीन तास. «तुम्हाला पूर्वीइतकाच वेळ मिळेल» असं म्हणाल, तर तिसऱ्या आठवड्यात ते खोटं पडलेलं असेल. त्याऐवजी म्हणा: «भेट पंधरवड्याने होईल. मधे अडलं तर थांबू नका, फोन करा. पाच दिवसांपर्यंतची रजा आता तुम्ही टीमच्या तक्त्यावर स्वतः टाकायची, मंजुरी लागणार नाही.» काहीतरी जातंय आणि काहीतरी हातात येतंय, हे दोन्ही त्यात दिसतं.

बदलाचं कारण किती मोकळेपणाने सांगावं?

खरं कारण, पूर्ण. खर्च वाचवायचा असेल तर «निर्णय लवकर व्हावेत म्हणून» एवढंच सांगून भागत नाही. चार जणांची नोकरी गेलेली लोकांना दिसतेच आहे. दोन्ही कारणं असतील तर दोन्ही सांगा आणि मोठं कोणतं तेही सांगा.

हा मजकूर पाहा: «बदलत्या काळात अधिक चपळ व सक्षम संघटना घडवण्यासाठी आम्ही रचनेत सुसूत्रता आणत आहोत.» यातून कोणाचं काय झालं ते कळत नाही. तीच गोष्ट अशी लिहिता येते: «आपल्या विभागाचा खर्च उत्पन्नापेक्षा वेगाने वाढला आहे. तो कमी करण्यासाठी आम्ही मॅनेजरांचा एक थर काढत आहोत. चार सहकाऱ्यांची नोकरी यात जाते. एखाद्या मंजुरीला चार पायऱ्यांऐवजी तीन पायऱ्या लागतील, हा फायदा आहे, पण निर्णयाचं मुख्य कारण खर्च हेच आहे. हा निर्णय मी घेतला आहे.» शेवटचं वाक्य गाळू नका. «असं ठरवण्यात आलं आहे» या कर्मणी वाक्यामागे लपलेला माणूस सर्वांना दिसतो.

कारण नीट सांगितल्याने किती फरक पडतो, याचा एक जुना अभ्यास आहे. जेराल्ड ग्रीनबर्ग यांनी तो १९९० मध्ये प्रसिद्ध केला. विषय पगारकपातीचा होता, थर काढण्याचा नव्हता. १५ टक्के तात्पुरती कपात झालेल्या दोन कारखान्यांपैकी एकात कारण सविस्तर आणि मनापासून खेद व्यक्त करून सांगितलं, दुसऱ्यात त्रोटक. त्रोटक कारण दिलेल्या कारखान्यात चोऱ्यांचं प्रमाण बरंच जास्त वाढलं. कपात दोन्हीकडे सारखीच होती.

«आणखी लोक जाणार का?» याचं काय उत्तर द्यायचं?

«नाही» एवढंच म्हणायची हिंमत फार थोड्यांकडे असते, आणि ज्यांच्याकडे असते त्यांनीही ती सहसा करू नये. जे माहीत आहे त्याची हद्द सांगा: «या विभागात या वर्षअखेरीपर्यंत आणखी पदं काढायचं ठरलेलं नाही. पुढच्या वर्षाचा खर्च ठरला की मी पुन्हा तुमच्यासमोर येईन, मग बातमी कशीही असो.» आणि तारीख देऊन या. सांगण्यासारखं काही नसलं तरी या.

कायद्याने आधी सल्लामसलत करावी लागत असेल तर निर्णय 'झाला' असं म्हणायचं का?

नाही. काही देशांत ठरावीक संख्येपेक्षा जास्त पदं जाणार असतील तर कर्मचाऱ्यांशी आधी बोलणी सक्तीची असते. उदाहरणार्थ ब्रिटनमध्ये एका आस्थापनेत ९० दिवसांत २० किंवा जास्त पदं काढायचा प्रस्ताव असला, तर सामूहिक सल्लामसलत करावी लागते. तिथे वरचे नमुने तसेच वापरले तर चूक होईल. «प्रस्ताव आहे, तुमचं पद धोक्यात आहे, अमुक तारखेपर्यंत तुमचं म्हणणं ऐकू» असं म्हणावं लागतं, आणि खरोखर ऐकावंही लागतं. मजकूर छापण्याआधी स्थानिक कामगार कायदा जाणणाऱ्या वकिलाला दाखवा. पण वकिलाने सुचवलेली भाषा जशीच्या तशी वाचून दाखवू नका. अर्थ तोच ठेवून बोलीत आणा आणि पुन्हा त्यालाच दाखवा.

बातमी आधीच फुटली तर?

अर्धवट खुलासा करू नका. तयारी झाली असेल तर कार्यक्रम त्याच दिवशी अलीकडे ओढा. झाली नसेल तर दोन ओळी पुरतात: «रचनेत बदलाचा विचार चालू आहे हे खरं आहे. गुरुवारी सकाळी प्रत्येकाला आपल्यापुरतं काय ते समोरासमोर सांगू.» मग गुरुवार चुकवू नका.

निरोप नीट पोहोचला नाही हे कशावरून ओळखायचं?

सभेत प्रश्न आले नाहीत म्हणजे सगळं समजलं असं धरू नका. दुसऱ्या आठवड्यात पाच-सहा लोकांना वेगवेगळं गाठून तीनच गोष्टी विचारा: तुमची रजा आता कोण बघतं, तुमचं अप्रेझल कोण करणार, आणि हा बदल का झाला? पहिल्या दोन प्रश्नांना वेगवेगळी नावं आली तर कामांच्या यादीत भोक आहे. तिसऱ्याला सगळ्यांनी सभेतलं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं, तर त्यांना ते पटलेलं नाही. पटलेली गोष्ट माणूस स्वतःच्या शब्दांत सांगतो, थोडी चुकवतो, वर स्वतःचं मतही जोडतो.

दुसरी खूण विभागप्रमुखाच्या दारात दिसते. बिलं, भांडणं, सुट्ट्यांचे गोंधळ तिथवर येऊ लागले, तर टीमप्रमुखांना अधिकार दिल्याचं सांगितलं गेलं पण प्रत्यक्षात दिले गेले नाहीत. मंजुरीच्या प्रणालीत अजून जुन्या मॅनेजरचंच नाव असतं, आणि अर्ज त्याच्या बंद झालेल्या खात्यात जाऊन पडून राहतात. घोषणेच्या आदल्या दिवशी आयटीकडून ही बाराही नावं बदलण्याची वेळ ठरवून घ्या: दुपारी दोन, टीमच्या बैठका सुरू होताना. सकाळी लवकर बदलली तर भेटीआधीच कोणाच्या तरी पडद्यावर दिसतात.